तीन पिवळ्या वायरींची साक्ष

मोटारसायकल रेस केली की हेडलाइटचा उजेड पांढरा होतो आणि सिग्नलला स्लोवर आली की पिवळट पडतो. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘मॅग्नेट कॉइल गेली.’ कधी ते खरं असतं. पण ती कॉइल, म्हणजे स्टेटर, इंजिनाच्या बाजूच्या कव्हराआड असते. ती बदलायची म्हणजे कव्हर उघडायचं, नवं गॅस्केट टाकायचं, बऱ्याच गाड्यांत ऑइलही काढायचं. एवढा खर्च करण्याआधी साध्या मल्टिमीटरने कॉइलची तपासणी करता येते, आणि ती करायलाच हवी.

स्टेटर म्हणजे लोखंडी दात्यांवर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेच्या कॉइल्स. त्यांच्याभोवती इंजिनाला जोडलेलं चुंबकाचं चाक फिरतं आणि तारेत एसी वीज तयार होते. चाक जितकं जोरात फिरेल तितके व्होल्ट जास्त. ही चढउतार होणारी वीज रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये जाते, तिथे तिची डीसी होते आणि व्होल्ट साधारण १४ ते १४.५ वर अडवले जातात. स्लोवर वीज कमी पडली, तर उरलेली गरज बॅटरी भागवते. म्हणजे सगळं ठीक असेल तर हेडलाइटला इंजिनाचा वेग जवळजवळ कळतच नाही.

साध्या हॅलोजन बल्बच्या बाबतीत व्होल्टमधला छोटा फरकही डोळ्यांना मोठा दिसतो. १३.५ चे १२ व्होल्ट झाले, तर उजेड जवळपास एक तृतीयांशाने घटतो. तेव्हा मंद दिवा दिसला म्हणून लगेच मोठा बिघाड समजू नये. आणखी एक सावधगिरी अशी की जुन्या, छोट्या इंजिनाच्या अनेक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट कॉइलच्या एसी विजेवर चालतो. तिथे स्लोवर उजेड कमी होणं हा बिघाड नव्हे. इंजिन चालू असताना बल्बच्या टोकांवर मीटर लावावा. एसी रेंजवर चांगले व्होल्ट दिसले आणि डीसीवर तसे स्थिर व्होल्ट दिसले नाहीत, तर गाडी त्या जातीची आहे. पुढची तपासणी आहे ती बॅटरीवर हेडलाइट चालणाऱ्या, तीन फेजच्या कॉइलच्या गाड्यांसाठी. कॉइलकडून निघणाऱ्या तीन वायरी सहसा पिवळ्या असतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दीडशे सीसीची गाडी, मालक पहाटे दूध घालणारा, म्हणजे सतत थांबत, स्लोवर, अंधारात चालणारी. बंद गाडीच्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना ते १०.६ पर्यंत उतरले आणि गाडी सहज चालू झाली, म्हणजे बॅटरी इतकी वाईट नव्हती. हेडलाइट लावून स्लोवर १२.१, रेस केल्यावर जेमतेम १३.३. बल्बपाशी मोजलं तर बॅटरीपेक्षा फक्त ०.२ व्होल्ट कमी. त्यामुळे स्विच, वायरिंग आणि अर्थही निर्दोष ठरले. वीज मुळातच कमी येत होती. आता प्रश्न एवढाच की कमी पडतो तो स्टेटर की रेग्युलेटर?

इथे इंजिन बंद करून पिवळ्या वायरींचा कपलर सोडवायचा. हे टाळून चालत नाही, कारण रेग्युलेटर जोडलेला असला तर मीटर त्याच्या आतल्या डायोडमधून वाचतो आणि चांगली कॉइलही खराब दिसते. मग मीटर ओहमच्या सगळ्यात लहान रेंजवर ठेवून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवायचे. इथे ०.३ दिसलं. तो प्रोबच्या वायरींचा अवरोध, प्रत्येक वाचनातून वजा करायचा. कॉइलचा अवरोध एक ओहमच्याही खाली असतो, त्यामुळे हे ०.३ विसरलं तर सगळा हिशोब चुकतो. पहिली आणि दुसरी पिवळी: ०.८, म्हणजे खरे ०.५. दुसरी-तिसरी: `OL`. पहिली-तिसरी: `OL`. मीटर `OL` दाखवतो तेव्हा वाट तुटलेली असते. दोन्ही `OL` जोड्यांत तिसरी वायर आहे, म्हणजे दोष तिच्याच फेजमध्ये. मग प्रत्येक पिवळी वायर इंजिनाच्या बॉडीशी तपासली. तिथे मात्र `OL` यायलाच हवं, आणि आलं. बॉडीशी थोडाही संपर्क दिसला असता, तर इन्सुलेशन जळून कॉइल अर्थ झाली असं समजायचं. एक फेज अर्थ झाली तरी मीटर तिन्ही वायरींवर वाजतो, कारण तिन्ही आत एकमेकींना जोडलेल्या असतात.

पुढे कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू केलं आणि मीटर एसी व्होल्टवर घेतला. रेस स्थिर धरायला दुसरा माणूस हवा. उघड्या टोकांना हात लावू नये, इथे पन्नास-साठ व्होल्ट सहज येतात. पहिल्या जोडीवर ५४, बाकी दोन्हींवर दोन-तीन. गाडीला आरपीएम मीटर नसला तरी चालतं, कारण आकड्यापेक्षा तिन्ही जोड्यांचं सारखेपण महत्त्वाचं. तीनपैकी एक फेज गेली की वीज निम्म्याच्या आसपास राहते. रेस केल्यावर तेवढी भागते, स्लोवर भागत नाही. उजेडाच्या चढउताराचं कारण हेच.

ही एसी व्होल्टची तपासणी ओहमला न दिसणारा दोषही पकडते. कॉइलमधले काही वेढे आपापसांत शॉर्ट झाले, तर अवरोध इतका थोडा घटतो की साध्या मीटरला कळत नाही, पण त्या फेजच्या दोन्ही जोड्यांवर व्होल्ट कमी येतात. काही कॉइल्स थंड असताना ठीक असतात आणि तापल्यावर बिघडतात. म्हणून दिवा अर्ध्या तासानंतरच मंदावत असेल, तर गाडी तेवढी चालवून मोजणं गरजेचं. ओहम आणि एसी दोन्हींत तिन्ही जोड्या समान, व्होल्ट भरपूर आणि अर्थ नाही, असं निघालं तर कॉइलला हात लावू नये. संशय रेग्युलेटरवर घ्यावा.

अजून कव्हर उघडायचं नव्हतं. रेग्युलेटर जादा वीज कॉइलमध्येच शॉर्ट करून अडवतो, त्यामुळे बहुतेक गाड्यांत या वायरींतून सतत मोठा करंट वाहतो. पिन सैल झाली की कपलरच तापून वितळतो आणि हीच लक्षणं दिसतात. इथे तिसरी पिन थोडी काळी होती. म्हणून कपलरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या वायरीवर पुन्हा मोजलं. तरीही `OL`. मगच कव्हर काढलं. कॉइल जळलेली नव्हती. तिसरी वायर जिथे कॉइलच्या तारेला डाख देऊन जोडली होती, तिथे थरथरीने तुटली होती. जोड नीट बांधून, तेल आणि उष्णता सोसणारी स्लीव्ह घालून वायर क्लिपमध्ये घट्ट बसवली, पिनही बदलली. तिन्ही जोड्यांवर ०.५ आलं, स्लोवर बॅटरी १३.१ आणि रेस केल्यावर १४.२.

गॅरेजमध्ये अजूनही एक सवय दिसते: चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग आहे का’ बघायचं. ते करू देऊ नका. बॅटरी सुटताच व्होल्ट उसळतात आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू जाऊ शकतो, ज्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते.