कॉम्प्रेसरच्या डेटाशीटमधल्या तीन ओळी

नवा कॉम्प्रेसर घ्यायचा ठरला की खरेदी विभागाच्या टेबलावर दोन-तीन विक्रेत्यांची कोटेशने येतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी डेटाशीट जोडलेली असते. कम्पॅरेटिव्ह तयार करणारी मंडळी बहुधा वाणिज्य शाखेची. दर, जीएसटी, वाहतूक, वॉरंटी यांत त्यांची नजर पक्की असते. तांत्रिक ओळी मात्र ती जशाच्या तशा उतरवून घेतात आणि ज्याचा आकडा मोठा तो कॉम्प्रेसर मोठा असे धरून चालतात. कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव आणि शिरोली भागातल्या ओतशाळा आणि मशीनशॉपसाठी मी या डेटाशीट मराठीत करते. त्यातल्या तीन ओळींवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो: डिस्प्लेसमेंट, डिस्चार्ज प्रेशर आणि ड्यूटी सायकल. या तिन्हींतला प्रत्येक आकडा एका अटीवरच खरा असतो, आणि ती अट मूळ शीटमध्ये तळटिपेत दडलेली असते किंवा नसतेच. मराठी शीटमध्ये मी ती आकड्याच्या शेजारी, त्याच चौकटीत आणते.

हिशेबासाठी दोन कोटेशने समोर ठेवू. पहिले साडेसात अश्वशक्तीच्या दोन टप्प्यांच्या पिस्टन कॉम्प्रेसरचे: डिस्प्लेसमेंट ३० सीएफएम, दाब १२ किलो, ड्यूटी ६० टक्के. दुसरे पाच अश्वशक्तीच्या स्क्रू कॉम्प्रेसरचे: १८ सीएफएम, दाब साडेसात किलो, ड्यूटी अखंड. सीएफएम म्हणजे मिनिटाला इतके घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. दुकानाची गरज सरासरी १६ सीएफएम, मशीनपाशी ६ किलो दाबाने. खरेदीतला कुणीही पहिल्या नजरेत पहिल्या कोटेशनकडे वळेल. हवा जास्त, दाब जास्त, आणि पिस्टन कॉम्प्रेसर स्क्रूपेक्षा स्वस्तही असतो.

आधी त्या तीसकडे पाहू. डिस्प्लेसमेंट हे मोजमाप नसून भूमितीतला गुणाकार आहे. सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ, पिस्टनची धाव आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार केला की तो आकडा मिळतो. पहिल्या शीटमध्ये कमी दाबाच्या सिलिंडरचा व्यास १२० मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ८३५ फेरे दिला आहे. एका फेऱ्यात पिस्टन एक लिटरहून किंचित जास्त जागा झाडून जातो. ८३५ फेऱ्यांत ती जागा ८५० लिटर होते, म्हणजे बरोबर ३० सीएफएम. हा आकडा खोटा नाही. तो सिलिंडरची जागा सांगतो, बाहेर पडणारी हवा सांगत नाही, एवढेच.

दोन्हींत फरक का पडतो? पिस्टन वर गेला तरी त्याच्या आणि झडपांच्या मधे थोडी जागा उरतेच. तिथे दाबलेली हवा अडकून राहते. पिस्टन खाली येताना ही हवा आधी फुगते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेइतका उतरेपर्यंत आत घेणारी झडप उघडत नाही. म्हणजे धावेचा पहिला भाग वाया जातो. त्यात तापलेल्या सिलिंडरमध्ये शिरणारी हवा गरम होऊन विरळ होते आणि रिंगांतून, झडपांतून थोडी निसटते. लहान पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये डिस्प्लेसमेंटच्या साधारण ६० ते ८० टक्केच हवा प्रत्यक्ष बाहेर मिळते. दाब जितका वाढवाल तितका हा वाटा घटतो. प्रत्यक्ष मिळणाऱ्या या हवेला धंद्यात एफएडी म्हणतात. ती आत ओढताना बाहेरच्या हवेच्या ज्या स्थितीत होती त्या स्थितीत मोजतात, आणि तिच्या चाचणीसाठी आयएसओ १२१७ हे मानक आहे. पहिल्या विक्रेत्याकडे विचारणा केल्यावर उत्तर येते: ७ किलो दाबाला एफएडी २१ सीएफएम. दुसऱ्या शीटमधले १८ सीएफएम मुळातच एफएडी आहेत. म्हणजे कम्पॅरेटिव्हच्या एकाच रकान्यात ३० आणि १८ लिहिले, तर दोन वेगळ्या वस्तूंची तुलना झाली.

शब्दकोश डिस्प्लेसमेंटला विस्थापन म्हणतो. धरणग्रस्तांच्या बातम्यांतून आलेला हा शब्द खरेदीच्या माणसाला इथे काहीच सांगत नाही, म्हणून मी तो वापरत नाही. मी दोन ओळी करते. वरच्या ओळीत ‘पिस्टन डिस्प्लेसमेंट: सिलिंडरची मिनिटाची जागा, तुलनेसाठी धरू नये’. खालच्या ओळीत ‘प्रत्यक्ष मिळणारी हवा, एफएडी, इतक्या दाबाला’. खालची ओळ मूळ शीटमध्ये नसेल तर ‘विक्रेत्याकडून लेखी घ्यावी’ असे लिहून चौकट रिकामी ठेवते. रिकामी चौकट पाहिली की माणूस फोन करतोच.

या ओळीत आणखी दोन खाचखळगे आहेत. दोन टप्प्यांच्या यंत्रात हवा आधी मोठ्या सिलिंडरमध्ये आणि मग तीच हवा छोट्या सिलिंडरमध्ये दाबली जाते. त्यामुळे डिस्प्लेसमेंट फक्त कमी दाबाच्या सिलिंडरची धरायची. आपल्या उदाहरणातल्या ६५ मिलिमीटरच्या छोट्या सिलिंडरची जागा कुणी त्यात मिळवली, तर ३० चे जवळपास ३९ होतात आणि यंत्र तेच राहते. दुसरी अडचण युरोपीय शीटमध्ये येते. तिथे घनमीटरच्या आधी ‘एन’ हे अक्षर असते. ते न्यूटन नव्हे. ती हवा शून्य अंश तापमानाला, कोरडी धरून मोजलेली असते. आपल्याकडच्या ३५ अंशांत तीच हवा नुसत्या उष्णतेनेच १३ टक्के जास्त जागा घेते. हे अक्षर अनुवादात गळले, तर दोन विक्रेत्यांचे आकडे पुन्हा जुळेनासे होतात.

दाबाची ओळ त्या मानाने सोपी आहे, पण पैशाच्या दृष्टीने तीच महाग पडते. पहिल्या शीटमधले १२ किलो म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती दाबापर्यंत जाऊ शकते ते. रोज कोणत्या दाबावर चालवायचे हे दुकान ठरवते. मशीनपाशी ६ किलो हवे असतील, तर ड्रायर, फिल्टर आणि पाइपलाइन यांत जाणारा एखादा किलो धरून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी सात-साडेसात पुरतात. या पट्ट्यात दाब एक बारने वाढवला की वीज साधारण ६ ते ७ टक्के जास्त लागते, आणि पाइपमधली गळतीही वाढते. बारा किलोची क्षमता आहे म्हणून कुणी यंत्र दहावर लावले, तर महिन्याच्या बिलात ते दिसते. म्हणून मराठी शीटमध्ये मी ‘कमाल दाब’ आणि ‘नेहमीचा चालू दाब’ अशा दोन वेगळ्या ओळी करते आणि दाब कुठे मोजला तेही लिहिते: यंत्राच्या तोंडाशी, टाकीवर, की ड्रायरनंतर. आकड्यापुढचे ‘जी’ किंवा ‘ए’ हे अक्षरही सोडत नाही. ‘जी’ म्हणजे गेजवर दिसणारा दाब आणि ‘ए’ म्हणजे त्यात वातावरणाचा दाब धरून. ‘ए’ लावलेले ८ बार गेजवर सातच दाखवतात.

तिसऱ्या ओळीत अनुवादकाची खरी कसोटी लागते. ड्यूटी म्हटले की खरेदी विभागाला आधी कस्टम ड्यूटी आठवते, आणि काही तयार अनुवादांत ‘कर्तव्य चक्र’ असेही वाचायला मिळते. दोन्हींतून काम भागत नाही. मी सरळ वाक्यच लिहिते: ‘दर दहा मिनिटांत सहा मिनिटे दाब भरू शकतो, चार मिनिटे थांबला पाहिजे.’ इथे दहा मिनिटे हा शब्द जितका महत्त्वाचा तितकेच टक्केही. नुसते ६० टक्के लिहिले, तर तासात सलग ३६ मिनिटे चालवून मग विश्रांती दिली तरी चालेल असे कुणी समजेल. निर्मात्याने कालावधी दिला नसेल तर तो विचारून घ्यावा लागतो.

विश्रांती लागते ती उष्णतेमुळे. हवा दाबली की तापते, आणि पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारे डोके ही उष्णता ठरावीक वेगानेच बाहेर टाकू शकते. मर्यादेबाहेर चालवले, तर तेल जळून बाहेर सोडणाऱ्या झडपेवर काजळी धरते. मग झडप नीट बसत नाही. दाबलेली गरम हवा परत सिलिंडरमध्ये शिरते, डोके आणखी तापते आणि काजळी आणखी वाढते. टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागणे, हवेला जळक्या तेलाचा वास येणे आणि पाइपमधून जास्त पाणी पडणे यांवरून हे ओळखता येते.

मोटरच्या पाटीवर ‘एस-वन’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ मोटर अखंड चालू शकते, इतकाच. काही शीटमध्ये हीच नोंद संपूर्ण कॉम्प्रेसरची असल्यासारखी छापलेली दिसते. मराठीत मी मोटर आणि कॉम्प्रेसर असे दोन वेगळे रकाने करते.

आता कम्पॅरेटिव्ह पुन्हा भरू. पहिल्या यंत्राची प्रत्यक्ष हवा २१ सीएफएम आणि ती दहापैकी सहा मिनिटे, म्हणजे सरासरी १२.६. गरज १६ ची. ती भागवायला त्याला ७६ टक्के वेळ दाब भरावा लागेल आणि परवानगी ६० ची आहे. टाकी मोठी घेऊन हा तुटवडा भरत नाही. टाकी क्षणभराची ओढ सांभाळते, हवा तयार करत नाही. दुसरे यंत्र १८ सीएफएम अखंड देते, त्यावर १६ चा भार ८९ टक्के होतो. ते चालेल, पण हात आखडलेला राहील. त्या १६ मध्ये पाइपची गळती धरली नसेल किंवा वर्षभरात एखादे नवे मशीन येणार असेल, तर पुढचा आकार मागवणेच शहाणपणाचे. उलट जिथे सरासरी गरज पाच-सहा सीएफएमची आणि हवा मधूनमधूनच लागते, तिथे मी पिस्टनच्याच बाजूने बोलेन. स्क्रू कॉम्प्रेसर फार कमी भारावर चालला, तर पुरेसा तापत नाही आणि त्याच्या तेलात पाणी साचते.

मला नेहमी विचारतात, “मॅडम, विक्रेत्याने एफएडी लेखी दिली, पण ती खरी हे आम्ही कसे ओळखायचे?” त्यासाठी घड्याळ आणि टाकीवरचे गेज पुरते. टाकीपुढचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी पूर्ण रिकामी करायची, कॉम्प्रेसर चालू करायचा आणि गेज शून्यापासून ७ किलोवर जायला किती वेळ लागतो ते पाहायचे. २५० लिटरच्या टाकीत तेव्हा सुमारे १७५० लिटर मोकळी हवा कोंबली जाते. २१ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे ५९५ लिटर, म्हणून टाकी तीन मिनिटांच्या आत भरायला हवी. साडेतीन मिनिटे लागली, तर हवा मिनिटाला ५०० लिटरच, म्हणजे १७-१८ सीएफएम निघाली. कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपमधली जागाही टाकीच्या आकारमानात मिळवायची. टाकीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर त्याची दुरुस्ती करावी लागते, आणि तिने उत्तर आणखी थोडे खालीच येते. ही चाचणी प्रयोगशाळेइतकी काटेकोर नाही, पण तीसला एकवीस म्हणणारा आणि एकवीसला सतरा म्हणणारा फरक तिच्यात लपत नाही.

म्हणून मराठी शीटच्या शेवटी मी खरेदी आदेशात घालायची एक ओळही लिहून देते: ‘७ किलो गेज दाबाला एफएडी २१ सीएफएम, पोहोच झाल्यावर आमच्या आवारात टाकी भरण्याची चाचणी घेऊन मगच शेवटचा हप्ता दिला जाईल.’