चौथ्या ओळीतला दोन

"बालवाचकांनो आणि पालकहो, नमस्कार. या महिन्याच्या अंकातले सोळा घरांचे सुडोकू सुटणार नाही. चूक माझी आहे, तुमची नाही. सर्वांत खालच्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या घरात 'दोन' छापला आहे. तिथे 'तीन' हवा होता. बाकीचे तीन आकडे बरोबर आहेत. दुरुस्त केलेले पूर्ण कोडे सोबत जोडले आहे. ते कोऱ्या कागदावर उतरवून नव्याने सोडवा. उत्तर पाठवायची मुदत दहा दिवसांनी वाढवली आहे. ज्यांनी आधीच उत्तर पाठवले आहे, त्यांनी पुन्हा पाठवायची गरज नाही. त्यांचे कागद मी एकेक करून पाहणार आहे."

एका मुलांच्या मासिकासाठी मी कोडी तयार करते. हे पत्र मी त्याच्या वर्गणीदारांना इमेलने पाठवले. पत्र दहा ओळींचे, पण ते लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. कोडे सुटत नाही असे म्हणणे सोपे असते. ते का सुटत नाही आणि दुरुस्त केल्यावर नक्की सुटते का, हे आधी स्वतःला दाखवावे लागते.

अंकात छापलेले कोडे असे होते:

१ – – –
– – – २
– – ४ –
– २ – –

नियम नेहमीचाच. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि कोपऱ्यातल्या चार-चार घरांच्या प्रत्येक चौकटीत १ ते ४ हे आकडे एकेकदाच यायला हवेत. वरवर पाहिले तर इथे काहीच बिघडलेले नाही. दोन हा आकडा दोनदा आहे, पण दोन्ही वेळा वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या चौकटीत. कुणाची कुणाशी टक्कर नाही. म्हणूनच ही चूक कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही.

आता फक्त वरची आडवी ओळ घ्या आणि तिच्यात दोन कुठे बसेल ते शोधा. पहिल्या घरात एक आहे. दुसऱ्या घरात दोन लिहिता येत नाही, कारण त्याच उभ्या ओळीत खाली दोन छापलेला आहे. तिसरे आणि चौथे घर उजवीकडच्या वरच्या चौकटीत येतात आणि त्या चौकटीत दोन आधीच आहे. चारही घरे संपली. वरच्या ओळीला दोन मिळूच शकत नाही, आणि दोनशिवाय ती ओळ पुरी होत नाही. पेन्सिल हातात घेण्याआधीच कोडे मेलेले आहे. हे पटायला एकही घर भरून पाहावे लागत नाही, एकही अंदाज करावा लागत नाही.

त्या जागी तीन ठेवला की हीच ओळ मोकळी होते. दुसऱ्या घरात दोन बसतोच, कारण दुसरीकडे जागा नाही. डावीकडच्या वरच्या चौकटीत मग तीन आणि चार उरतात. दुसऱ्या उभ्या ओळीत खाली तीन आहे, म्हणून चार उजवीकडे आणि तीन डावीकडे. दुसऱ्या आडव्या ओळीत आता एकच घर रिकामे राहते, तिथे एक. असे एकामागून एक घर आपोआप भरत जाते आणि शेवटी हे उत्तर येते:

१ २ ३ ४
३ ४ १ २
२ १ ४ ३
४ ३ २ १

दुरुस्ती इथेच संपली असे मला वाटले होते. पण इमेल धाडण्याआधी मी त्या घरात उरलेले आकडेही घालून पाहिले, आणि त्यातून जे निघाले ते मलाही ठाऊक नव्हते. त्या जागी चुकून चार छापला गेला असता, तर कोडे सुटले असते. उत्तर मात्र वेगळे आले असते: दुसरी ओळ चार-तीन-एक-दोन आणि शेवटची तीन-चार-दोन-एक. एक छापला असता तरीही सुटले असते, आणखी तिसऱ्याच उत्तराने. तीनपैकी एकच चुकीचा आकडा कोडे मारतो. उरलेले दोन ते जिवंत ठेवतात आणि पुढच्या अंकात छापलेले उत्तर खोटे ठरवतात. ही दुसरी चूक मला जास्त भयंकर वाटते. सुटत नसलेल्या कोड्याबद्दल वाचक निदान तक्रार करतो. इथे मूल बरोबर सोडवते, महिनाभराने उत्तर पाहते आणि आपलेच चुकले असे समजून गप्प बसते.

आणि ते घर रिकामेच सोडले तर? मग ही तिन्ही उत्तरे चालतात. याचा अर्थ, त्या एका घरातला आकडा तीन उत्तरांमधून एक निवडण्याचे काम करत होता. सोळा घरांच्या सुडोकूचे एकच उत्तर यावे यासाठी निदान चार आकडे द्यावे लागतात, आणि मी नेमके चारच दिले होते. त्यातला एकही जादा नव्हता. नऊ बाय नऊच्या मोठ्या सुडोकूसाठी हीच संख्या १७ आहे. २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने संगणकावर प्रचंड पडताळणी करून ते दाखवले. वर्तमानपत्रातल्या मोठ्या कोड्यात सहसा याहून जास्त आकडे दिलेले असतात. ते एकमेकांना धरून असतात, त्यामुळे त्यातला एक चुकला की कोडे बहुधा अडतेच. माझ्यासारखे काटकसरीने आकडे दिले, तर चूक गुपचूप दुसऱ्या उत्तराकडे घेऊन जाऊ शकते.

मोठ्या कोड्यात चूक कळायलाही वेळ लागतो. चुकीचा आकडा शेजारच्यांशी भांडत नाही. तुम्ही अर्धा तास भरत जाता, सगळे सुरळीत चाललेले असते, आणि मग भलत्याच कोपऱ्यात एका घरात कुठलाच आकडा बसेनासा होतो. ते घर निर्दोष असते. बिघाड दूर कुठेतरी असतो. म्हणून एकाच सदोष कोड्यावर दोन वाचक दोन वेगळ्या ठिकाणी अडकतात, कारण प्रत्येकाची घरे भरण्याची क्रमवारी वेगळी. अशी पत्रे येऊ लागली की कोडेकाराला वाटते, हे तर सगळे वेगवेगळे सांगताहेत, म्हणजे चूक यांचीच असणार. खरे तर तीच धोक्याची खूण आहे. चूक एका वाचकाची असती, तर बाकीच्यांचे कोडे सुटले असते.

आपली चूक की छापणाऱ्याची, हे वाचकाला घरबसल्या ठरवता येते. सगळे खोडून फक्त छापलेले आकडे ठेवायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. या वेळी, दुसरा पर्यायच नाही अशी खात्री असेल तेव्हाच घर भरायचे. "इथे पाच असेल बहुतेक" असे एकदाही करायचे नाही. अंदाज करून अडकलात, तर त्यातून तो अंदाज चुकला एवढेच सिद्ध होते. अंदाज न करता अडकलात, तर कोडे चुकले आहे आणि तुम्ही कोडेकाराला हक्काने लिहू शकता. मला पहिली सूचना एका आजोबांकडून आली, ती अशीच. नातवाबरोबर ते कोडे सोडवत होते. त्यांनी लिहिले होते, "वरच्या ओळीत दोन कुठे लिहायचा ते कृपया कळवावे." पुढे काही नाही. मला लागणारा सगळा पुरावा त्या एका वाक्यात होता.

चूक झाली कशी, तेही वाचकांना सांगायला हवे. मी कोडे हाताने कागदावर काढले, सोडवून पाहिले, बरोबर होते. मग ते संगणकावर उतरवताना तीनच्या जागी दोन टंकला. देवनागरीतले २ आणि ३ बारीक टाइपात किती सारखे दिसतात, हे वर्षानुवर्षे आकडे जुळवणाऱ्या माणसाला विचारा. १ आणि ९ हीही तशीच जोडी. मुद्रित माझ्याकडे आले तेव्हा मी ते माझ्या कागदाशी ताडून पाहिले आणि जे दिसायला हवे होते तेच मला दिसले. मी तपासला तो माझा कागद. छापून येणारे पान मी सोडवूनच पाहिले नाही. शब्दातली चूक शेजारचे शब्द उघडी पाडतात. "घोडा"चा "घोडी" झाला, तर वाक्य अडखळते. चौकटीतल्या एकट्या आकड्याच्या मदतीला असे कुणी येत नाही.

आता मी दोन गोष्टी करते. एक जण मूळ कागदावरून आकडे मोठ्याने वाचतो, "पहिली ओळ, पहिले घर, एक," आणि दुसरा छापील पानावर बोट ठेवत जातो. त्यानंतर त्या छापील पानाची कोरी प्रत अशा माणसाला देते, ज्याने ते कोडे आधी पाहिलेले नाही. त्याने ते सोडवायचे आणि एकच उत्तर येते का ते सांगायचे. दुरुस्तीच्या इमेललाही मी हेच नियम लावले. म्हणूनच त्या पत्रात दोन आणि तीन अक्षरांत लिहिले आहेत. "चौथ्या ओळीतील २ च्या जागी ३ वाचावे" असे लिहिले असते, तर ज्या दोन आकड्यांनी घोळ घातला त्यांच्याच हाती दुरुस्ती सोपवल्यासारखे झाले असते. नुसते "चौथी ओळ" म्हटले असते, तर कुणी ती आडवी मोजली असती, कुणी उभी. म्हणून "सर्वांत खालच्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या घरात". आणि पूर्ण कोडे पुन्हा जोडले, कारण मुलांनी पहिल्या कागदावर इतकी खोडाखोड केलेली असते की तिथे आता काही लिहिता येत नाही.

"चूक माझी आहे, तुमची नाही" हे वाक्य मी आधी पत्राच्या शेवटी लिहिले होते. मग ते वर घेतले. आठ वर्षांचे मूल पत्राच्या शेवटापर्यंत वाचेलच असे नाही.

मुदतीआधी आलेले कागद मी खरोखरच एकेक करून पाहिले. काही मुलांनी वरच्या ओळीत दोन घुसवून त्या उभ्या ओळीत दोन दोनदा येऊ दिला होता. त्यांना मी नवे कोडे घरी पाठवले. काहींनी खालचा दोन खोडून त्या जागी आपला आकडा लिहिला होता. कुणी तीन, कुणी चार, आणि एकीने एक. तिन्ही प्रकारची उत्तरे मी नियमांशी ताडून पाहिली. तिन्ही बरोबर होती, आणि बक्षिसाच्या यादीत तिन्ही घेतली. एका कागदावर मात्र कोडे सोडवलेलेच नव्हते. वरच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला होता, तिथून खालच्या दोनपर्यंत एक बाण नेला होता आणि बाणावर लिहिले होते, "याने अडवलंय." तोही कागद मी त्याच यादीत लावला.