शेवटचं भाडं डिपॉझिटमधून

२०२५च्या जानेवारीत भाच्याचा फोन आला. कोथरूडला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो भाड्याने राहतो आणि ३१ मार्चला जागा सोडणार होता. म्हणाला, "मामा, घरमालक काकांशी बोलणं झालंय. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं देऊ नकोस म्हणाले, आगाऊ आणि डिपॉझिटमधून वळतं करून घेऊ."

"लिहून घेतलंस?"

"अहो, काका चांगले आहेत."

काका चांगले आहेत यात शंकाच नाही. पण त्यांचा मुलगा नागपूरला असतो आणि हिशेब तो बघतो. फेब्रुवारीच्या पाच तारखेला बँकेत भाडं जमा झालं नाही, एवढंच त्याला दिसणार. मग मी भाच्याला करार काढायला लावला, आणि तेरावं कलम वाचताच त्याचा आवाज बदलला: 'अनामत रक्कम भाड्यापोटी वळती करता येणार नाही.' हे वाक्य बहुतेक छापील करारांत असतं आणि सही करताना कुणी वाचत नाही. त्याच्याच खाली असंही होतं की सलग दोन महिने भाडं थकलं तर मालक करार रद्द करू शकतो. म्हणजे फोनवर जे ठरलं, ते कागदावर थकबाकी ठरत होतं.

लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५वं कलम ती जबाबदारी मालकावर टाकतं. पण नोंदणी झाली की एक गोष्ट बदलते. अशा करारातली अट 'नंतर आम्ही तोंडी बदलली' असं म्हणून कोर्टात सहसा भागत नाही, पुराव्याचा कायदा ते ऐकून घेत नाही. तेव्हा काकांच्या शब्दाला कागद हवाच, आणि त्यावर त्यांची सही हवी. एकतर्फी पत्र म्हणजे नुसती भाडेकरूची इच्छा.

पत्र लिहायला बसलो तर खरा गुंता हिशेबात निघाला. आगाऊ भाडं आणि डिपॉझिट या दोन वेगळ्या रकमा आहेत, जरी बोलताना आपण दोन्हींना 'काकांकडचे पैसे' म्हणतो. आगाऊ भाडं हे एका ठरावीक महिन्याचं आधीच दिलेलं भाडं असतं. तो महिना आला की ते संपलं. डिपॉझिट मात्र भाडेकरूचंच असतं, मोडतोड आणि बिलांची हमी म्हणून मालकाकडे ठेवलेलं. डिपॉझिटमधून भाडं वळतं करायचं म्हणजे मालकाने आपली हमी तेवढी कमी करून घ्यायची. म्हणूनच पूर्ण डिपॉझिट भाड्यात जिरवायला शहाणा मालक तयार होत नाही, आणि भाडेकरूनेही तसं मागू नये.

भाच्याचा पहिला करार जून २०२३चा, अकरा महिन्यांचा. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,००० आणि एक महिन्याचं आगाऊ १८,०००. मे २०२४ला दुसरा करार झाला, भाडं पाच टक्क्यांनी वाढून १८,९०० झालं. दुसऱ्या करारात डिपॉझिटची नोंद आहे, 'पूर्वीच मिळालेले' म्हणून. आगाऊ भाड्याचा उल्लेखच नाही! एजंटने जुना मसुदा उघडून आकडे बदलले, त्यात ती ओळ गळली. दुसऱ्या करारापुरतं पाहिलं तर ते अठरा हजार कधी दिलेच नव्हते. पहिल्या करारातली ओळ आणि बँकेच्या पासबुकातली नोंद हाच काय तो आधार. शिवाय आगाऊ जुन्या दराने दिलेलं, भाडं नव्या दराचं. नऊशे रुपये कमी पडत होते.

शेवटी पत्र असं झालं:

'ति. काकांस सा. न. वि. वि. २६ जानेवारीला आपलं फोनवर जे ठरलं ते नोंदीसाठी लिहीत आहे. मी फ्लॅट ३१ मार्च २०२५ रोजी रिकामा करून किल्ल्या आपल्या ताब्यात देईन. जून २०२३च्या करारानुसार आपल्याकडे असलेलं आगाऊ भाडं रु. १८,००० फेब्रुवारीच्या भाड्यापोटी धरावं, फरकाचे रु. ९०० मी ५ फेब्रुवारीला बँकेत भरीन. मार्चचं भाडं रु. १८,९०० डिपॉझिटमधून वळतं करावं. त्यानंतर डिपॉझिटपैकी रु. ४१,१०० आपल्याकडे राहतील. जागा सोडायच्या दिवसापर्यंतचं वीजबिल व काही मोडतोड असल्यास तिचा खर्च वजा करून बाकी रक्कम किल्ल्या दिल्यापासून सात दिवसांत मला मिळावी. या दोन महिन्यांपुरतं करारातलं कलम १३ लागू राहणार नाही, बाकी करार आहे तसाच राहील. दोन्ही महिन्यांच्या भाडेपावत्या द्याव्यात. वरील मान्य असल्यास खाली सही करावी.'

'सा. न. वि. वि.'वर भाचा हसला, पण काकांना ते आवडणार होतं.

जागा सोडायची तारीख पहिल्याच ओळीत घातली, ती मालकाच्या बाजूने. तारखेशिवाय पत्र गेलं तर भाडेकरू पुढे राहिला आणि हमीही संपली, अशी मालकाची पंचाईत होते. भाडेकरूलाही ती परवडत नाही: मुदत संपूनही जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या २४व्या कलमाप्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. त्यावर वळतं करून घेतलेल्या डिपॉझिटचा काही उतारा नाही.

पावत्यांची ओळ मात्र भाच्यासाठी. तो जुन्या करपद्धतीत आहे, घरभाडे भत्त्याची सवलत घेतो. ऑफिसात पुरावा मागतात तेव्हा फेब्रुवारी-मार्चला बँकेतून भाडं गेल्याचं दिसणार नाही. वळतं केलेलं भाडंही दिलेलंच भाडं असतं, पण ते पावतीवर दिसायला हवं, 'आगाऊ रकमेतून', 'डिपॉझिटमधून' असं लिहून. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असल्याने मालकाचा पॅनही लागतो. उलट बाजूने, मार्चचे १८,९०० आता काकांचं भाड्याचं उत्पन्न झाले. डिपॉझिट म्हणून होते तोवर नव्हते.

दोन प्रती काढल्या. काका घरीच भेटणार होते, म्हणून हातोहात दिल्या. परगावी असते तर स्पीड पोस्टने पाठवून पोच जपली असती. काकांनी दोन्ही प्रतींवर 'मान्य' लिहून सही-तारीख केली आणि एक स्वतःकडे ठेवली. मुलाला फोटो भाच्याने तिथूनच पाठवला.

एवढं होऊनही एक चूक झालीच. भाड्यासाठी बँकेला दर महिन्याच्या पाच तारखेची स्थायी सूचना दिलेली होती, ती बंद करायची राहिली. फेब्रुवारीत ९०० गेले, आणि १८,९००ही गेले. काकांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी परत केले, कारण पत्राचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतील तर ते परत मागायची ओळही पत्रात हवी. इथे चेक नव्हते.

३१ मार्चला किल्ल्या देताना वीजमीटरचा फोटो काढला, दोघांच्या समोर. महावितरणचं बिल नंतर आलं, त्यातले भाच्याच्या वाट्याचे १,३४० निघाले. बाथरूमचा एक नळ गळत होता, तो काकांनी सोडून दिला. एप्रिलच्या सात तारखेला ३९,७६० रुपये खात्यात आले.