एक शून्य जास्त
आता समजा, अंबाजोगाईत कुणी आजीचं पितळी घंगाळ ऑनलाइन विकायला ठेवलं, किंमत ६,००० रुपये. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, वस्तू बघायलाही येत नाही. (जुन्या भांड्याचं खरं गिऱ्हाईक आधी वजन विचारतं!) मग मेसेज येतो, खात्यात ६०,००० जमा. पाठोपाठ फोन: 'काका, एक शून्य जास्त पडलं हो, ५४,००० परत टाका, दवाखान्यात भरायचेत.' तो मेसेज बँकेचा नसतोच. त्यानंच टाइप केलेला असतो. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. रक्कम खरंच आली असेल तरी स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा. तो दुसऱ्या कुणाचा लुबाडलेला पैसा असू शकतो, आणि मग आपलंच खातं गोठतं. पैसे गेलेच असतील, तर तत्काळ १९३० ला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते.