ब्रेक दाबल्यावर टँकरमधलं पाणी किती चढतं?

मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवर उन्हाळ्यात पाणी घेऊन निघालेला टँकर अचानक गुरं आडवी आली म्हणून ब्रेक मारतो, तेव्हा वरच्या झाकणातून पाण्याचा लोट बाहेर येतो आणि केबिनच्या पाठीवर आदळतो. पाणी पुढे धावतं हे कुणीही सांगेल. पण ते नेमकं किती चढेल, हे आधीच मोजून सांगता येतं. त्यासाठी पाण्याची घनता माहीत असावी लागत नाही आणि टँकरचा वेगही लागत नाही. टाकीची लांबी माहीत असली की लागते ती एकच गोष्ट: वेग किती झपाट्यानं बदलतो आहे, म्हणजेच त्वरण.

टाकीत लांबीच्या दिशेनं, तळाला समांतर असा पाण्याचा एक बारीक आडवा दांडा मनानं वेगळा काढावा. टँकर मंदावतो आहे, तेव्हा या दांड्यालाही मंदावावंच लागणार, आणि त्यासाठी कुणीतरी त्याला मागच्या दिशेनं ढकलायला हवं. तो तर चहूबाजूंनी पाण्यानंच वेढलेला. म्हणजे पुढच्या टोकावरचा दाब मागच्या टोकावरच्या दाबापेक्षा जास्त हवा. त्या फरकातूनच हे ढकलणं घडतं. आता उथळ टाकीत एखाद्या बिंदूवरचा दाब कशावर ठरतो? त्याच्या डोक्यावर किती उंच पाणी आहे यावर. म्हणून पुढच्या टोकावर पाणी उंच आणि मागे कमी, असंच व्हायला हवं. पाणी पुढे चढतं ते याच कारणानं: ते चढल्याशिवाय मागच्या पाण्याला थांबवणारा दाबच तयार होत नाही.

हिशेब मांडला की उत्तर फार नेटकं येतं. दांड्याचं वस्तुमान घनतेवर अवलंबून असतं, आणि दाबातला फरकही घनतेवरच. दोन्हीकडून घनता कापली जाते. उरतं ते एवढंच: पृष्ठभागाचा उतार म्हणजे वाहनाचं त्वरण भागिले गुरुत्वत्वरण. म्हणून एकाच पद्धतीनं ब्रेक मारलेल्या दोन टँकरांपैकी एकात पाणी आणि दुसऱ्यात डिझेल असलं, तरी दोन्हींचा पृष्ठभाग सारख्याच कोनात कलेल.

एक प्रत्यक्ष टाकी घेऊ. खऱ्या टाक्या बहुधा लंबगोल छेदाच्या असतात. हिशेब सोपा राहावा म्हणून ही चौकोनी समजू. लांबी ४ मीटर, रुंदी २ मीटर, उंची दीड मीटर, म्हणजे क्षमता १२,००० लिटर. एका वाडीवर थोडं पाणी उतरवून झालं आहे आणि आता तळापासून १ मीटर पाणी शिल्लक आहे: ८,००० लिटर, म्हणजे ८ टन. चालक बऱ्यापैकी जोरात ब्रेक दाबतो आणि वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका घटू लागतो. गुरुत्वत्वरण ९.८१. तेव्हा उतार ०.२०४, कोन साडेअकरा अंशांच्या आसपास. ४ मीटर लांबीत पातळीचा फरक जवळजवळ ८२ सेंटिमीटर पडतो. मधोमध पातळी तीच राहते. पुढच्या भिंतीशी पाणी ४१ सेंटिमीटर चढतं, मागच्या भिंतीशी तितकंच उतरतं.

आता भिंतींवरचा रेटा पाहू. टँकर उभा असताना पुढच्या आणि मागच्या भिंतीवर प्रत्येकी १ टन वजनाएवढा रेटा असतो. ब्रेक लागल्यावर पुढे खोली १.४१ मीटर होते आणि रेटा खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यानं तो जवळपास दुप्पट, सुमारे २ टनांवर जातो. मागच्या भिंतीवर जेमतेम साडेतीनशे किलो उरतो. या दोहोंतला फरक न्यूटनमध्ये मांडला तर १६,००० येतो. आणि ८,००० किलो पाणी २ या दरानं मंदावायला लागणारं बलही बरोबर १६,००० न्यूटनच. दोन वेगळ्या वाटांनी निघालेला हिशेब असा एकाच आकड्यावर येऊन थांबतो, तेव्हा पृष्ठभाग तितकाच का कलतो हे अगदी स्पष्ट दिसतं.

वेगाचा इथे संबंध नाही, हे मात्र पुन्हा सांगायला हवं, कारण गफलत इथेच होते. सरळ, सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरनं एकसारख्या धावणाऱ्या टँकरमधलं पाणी उभ्या टँकरइतकंच सपाट असतं. बोरघाटातून ब्रेक सांभाळत एकाच वेगानं उतरणाऱ्या टँकरमध्येही पृष्ठभाग क्षितिजसमांतरच राहतो. टाकी तेवढी पुढे झुकलेली असते, म्हणून पुढच्या टोकाला पाणी खोल होतं. तोच टँकर ब्रेकशिवाय, कसलंही घर्षण नसल्यासारखा घसरत सुटला, तर पृष्ठभाग रस्त्याला समांतर होईल.

आपल्या टाकीत झाकणापर्यंत अर्धा मीटर जागा मोकळी आहे. म्हणजे त्वरण साधारण २.४५ पर्यंत पोचलं की पाणी छताला टेकतं, आणि झाकण उघडं असेल तर तिथून पुढे सांडतं. पूर्ण भरलेल्या बंद टाकीत मोकळा पृष्ठभागच नसतो, त्यामुळे कलायलाही काही नसतं. पुढच्या टोकाला दाब वाढतो, पण पाणी जागचं हलत नाही. भरलेल्या टँकरपेक्षा अर्धवट रिकामा टँकर चालवणं अवघड जातं ते यामुळे.

इथपर्यंतचं सगळं गणित द्रवस्थितिशास्त्राचं आहे. पाणी टाकीच्या तुलनेत स्थिरावलेलं आहे, हे त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात ब्रेक एकदम लागतो. पाणी नव्या उतारावर जाऊन अलगद थांबत नाही, ते त्याच्या पलीकडे झेपावतं. घर्षण नसतं तर ही झेप जवळपास दुप्पट झाली असती. आपल्या टाकीत ४१ऐवजी ८० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे छतावर धडक. मग पाणी पुढे-मागे डचमळत राहतं. ४ मीटर लांब आणि १ मीटर खोल पाण्याची एक ये-जा सुमारे २.८ सेकंदांत होते. गाडी थांबली तरी पाणी थांबलेलं नसतं: कललेला पृष्ठभाग सपाट व्हायला निघतो, मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत पुढे येतो. अमेरिकेत व्यावसायिक चालकांच्या परवाना-पुस्तिकेत याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला असतो, की निसरड्या रस्त्यावर ही लाट थांबलेल्या ट्रकला पुढे चौकात ढकलू शकते.

यावर उपाय दोन, आणि त्यांचं काम वेगळं आहे. टाकीत पूर्ण बंद भिंती घालून ४ कप्पे केले, तर उतार तोच राहतो, पण प्रत्येक कप्पा १ मीटरच लांब असल्यानं पाणी ४१ऐवजी फक्त १० सेंटिमीटर चढतं. भोकं असलेले आडवे पत्रे, ज्यांना बॅफल म्हणतात, हे करू शकत नाहीत. ब्रेक बराच वेळ लागून राहिला तर भोकांतून पाणी पुढे जातंच आणि शेवटी पूर्ण ४ मीटरचा उतार तयार होतो. पण थांबायला जी पाच-सहा सेकंदं लागतात तेवढ्यात पाण्याला धावून जाऊ न देणं, झेप आणि डचमळणं मारून टाकणं, हे बॅफल चांगलं करतात. शिवाय ते गाडीच्या लांबीला आडवे बसवलेले असतात, त्यामुळे वळणावर डावी-उजवीकडे होणाऱ्या हेलकाव्याला ते फारसे अडवत नाहीत. दुधासारखे खाद्यपदार्थ नेणाऱ्या टाक्या पुष्कळदा आतून सलग, गुळगुळीत ठेवतात, कारण पत्र्यांच्या कोपऱ्यांत साचलेलं नीट धुऊन निघत नाही. अशा टाकीत द्रव आवरायला काहीच नसतं, म्हणून तिच्या चालकाला ब्रेक लांबूनच आणि हळूहळू लावावा लागतो. वेग दर सेकंदाला २ऐवजी १ मीटर प्रति सेकंदानं घटवला, तर थांबायला अंतर दुप्पट लागतं आणि पुढच्या भिंतीवरचा चढ ४१ वरून २० सेंटिमीटरवर येतो.