आडवं बीपी, उभं बीपी

पहाटे लघवीला उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरून उभं राहावं लागतं, मग मिनिटभरानं बरं वाटतं. ही तक्रार घेऊन साठी-सत्तरीतली माणसं दवाखान्यात येतात. तिथे त्यांना स्टुलावर बसवून दंडाला पट्टा बांधतात आणि बीपी मोजतात. आकडा ठीक निघाला की ‘अशक्तपणा आहे’ म्हणून एखादं टॉनिक मिळतं. तक्रार आहे उभं राहण्याची आणि मोजणी होते बसून, ही विसंगती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटातल्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त तेवढं कमी होतं आणि रक्तदाब घसरू लागतो. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये असलेल्या चेतातंतूंना हे लगेच कळतं. मेंदूकडून हुकूम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते आणि काही सेकंदांत दाब जागेवर येतो. ही साखळी कुठे तुटली की दाब खालीच राहतो. याला वैद्यकात ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. १९९६ साली तज्ज्ञांनी एकमतानं ठरवलेली आणि २०११ साली पुन्हा तपासलेली व्याख्या अशी: उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी किमान २० किंवा खालचं किमान १० मिलिमीटरनं उतरायला हवं आणि ते उतरलेलंच राहायला हवं. झोपून मुळातच बीपी जास्त असेल, तर वरचं ३०नं उतरलं तरच धरावं, कारण जितक्या उंचीवरून सुरुवात तितकी घसरण मोठी.

व्याख्या सोपी आहे, मोजणीच अवघड. तिचा पाया आहे आडवं पडून काढलेली पाच मिनिटं. पायांतलं रक्त परत वर यायला आणि दाब स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. गर्दीच्या ओपीडीत नेमका यालाच फाटा मिळतो. पेशंटला टेबलावर झोपवून लगेच पट्टा फुगवला, तर आधारभूत आकडाच चुकतो आणि पुढची सगळी वजाबाकी निरर्थक ठरते. बसून मोजलं आणि मग उभं केलं तर? बसल्यावरच काही रक्त खाली उतरलेलं असतं, त्यामुळे घसरण लहान दिसते. आडवं पडणं शक्यच नसलेल्या माणसासाठी बसून-उभं अशी मोजणी चालवून घेता येते, पण तेव्हा उंबरठाही खाली आणावा लागतो. अशा वेळी वरचं १५ किंवा खालचं ७ उतरलं तरी संशय धरावा, असं एका अभ्यासातून सुचवलं गेलं आहे.

पाच मिनिटांनंतर, पेशंट बोलत नसताना, आडवं बीपी आणि नाडी लिहून घ्यायची. पट्टा काढायचा नाही. मग उभं करायचं आणि घड्याळ लावायचं. पहिलं मोजमाप एका मिनिटाच्या आत, दुसरं तीन मिनिटांनी. स्वयंचलित यंत्राला एका वाचनासाठी अर्धं मिनिट तरी लागतं, म्हणून पेशंट उभा राहिला की लगेच बटण दाबलेलं बरं. पहिल्या मिनिटाला पूर्वी कमी लेखलं जाई. अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक मध्यमवयीन माणसांच्या पाहणीत मात्र चक्कर, पडणं आणि हाड मोडणं यांच्याशी सर्वांत घट्ट नातं पहिल्या मिनिटातल्या घसरणीचंच दिसलं. तरी तीन मिनिटांचं मोजमाप टाळू नये, कारण काहींचं बीपी हळूहळू उतरत जातं.

आणि हात. उभ्या माणसाचा हात लोंबकळत ठेवला तर पट्टा हृदयाच्या पातळीखाली जातो आणि आकडा पाच-दहा मिलिमीटरनं फुगतो. वीसची घसरण दहाची दिसते आणि आजार कागदावरून नाहीसा होतो. पेशंटनं स्वतःच हात उचलून धरला तर स्नायू ताणले जातात, त्यानंही आकडा वाढतो. नर्सनं किंवा नातेवाइकानं त्याचं कोपर हृदयाच्या उंचीला धरावं, हाच उपाय. शेजारी खुर्ची हवीच. पेशंट घामाघूम झाला, भोवळ आली, तर तीन मिनिटांचा हट्ट न धरता त्या क्षणाचा आकडा घेऊन त्याला आडवं करायचं.

नमुन्यादाखल एक पेशंट घेऊ. वय ६८, मधुमेह अठरा वर्षांचा, बीपीसाठी ॲम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी गोळी, शिवाय प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. बसून बीपी १३८/८२. फक्त एवढं पाहिलं तर डॉक्टर बीपीची गोळी वाढवण्याचाही विचार करतील. झोपवून पाच मिनिटांनी बीपी भरलं १५२/८४, नाडी ७२. उभं राहिल्यावर एका मिनिटात १२४/७६, नाडी ७७. तीन मिनिटांनी ११८/७२, नाडी ७८. वरचं ३४नं उतरलं, खालचं १२नं. आडवं बीपी जास्त असल्यामुळे तीसची अट लावली तरी निदान पक्कं.

आता नाडीकडे पाहा. पाणी कमी पडल्यानं किंवा रक्तस्राव झाल्यानं दाब उतरला असता, तर हृदय धडधडून भरपाई करतं. इथे ३४ मिलिमीटरच्या घसरणीला नाडी जेमतेम सहानं वाढली. नाडीतली वाढ भागिले वरच्या बीपीतली घट, हा आकडा अर्ध्यापेक्षा कमी असेल तर दोष चेतातंतूंत असण्याची शक्यता वाढते. इथे तो ०.१८ आहे. मधुमेहानं वर्षानुवर्षं पोखरलेले चेतातंतू हे त्याचं संभाव्य कारण, आणि गोळ्यांनी त्यात भर घातलेली. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या किंवा पेसमेकर असलेल्या माणसात मात्र हे गणित लावता येत नाही. नाडी अनियमित असेल, तर स्वयंचलित यंत्राच्या आकड्यावरही फार विसंबू नये.

एकदा मोजून काही सापडलं नाही, म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. हे बीपी दिवसभर बदलत राहतं. सकाळी उठल्यावर ते जास्त उतरतं, पोटभर जेवणानंतरही उतरतं. दुपारी अकराला आलेल्या पेशंटची मोजणी निर्दोष निघाली आणि तक्रार पहाटेची असेल, तर सकाळी लवकर बोलवावं किंवा घरी अंथरुणातून उठण्याआधी आणि उठल्यावर मोजून कागदावर लिहून आणायला सांगावं. काहींना चक्कर पाच-सात मिनिटं उभं राहिल्यावर येते. त्यांना दहा मिनिटं उभं ठेवून मोजावं लागतं. याउलट, झटकन उठल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांत दाब ४०नं कोसळून लगेच सावरणारी माणसंही असतात, बऱ्याचदा तरुण. ही घसरण दंडाच्या पट्ट्याला पकडताच येत नाही. पट्टा फुगेपर्यंत ती संपलेली असते. प्रत्येक ठोक्याचा दाब मोजणारं यंत्र लागतं आणि ते मोजक्याच रुग्णालयांत असतं.

आपल्या पेशंटच्या बाबतीत डॉक्टर बहुधा लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून सुरुवात करतील. ती कमी करायची की थांबवायची, हे पेशंटनं स्वतः ठरवायचं नाही. टॅमसुलोसिनची गरज यूरोलॉजिस्टशी बोलून पाहिली जाईल. काही दिवसांनी तीच वेळ, तेच यंत्र, तोच हात आणि पुन्हा पाच मिनिटं आडवं. समजा आता आडवं बीपी १५०/८४ आणि तीन मिनिटांनी उभं १२९/७७ आलं, तर घसरण ३४ वरून २१वर आली. ती अजून वीसच्या वर आहे, पण चक्कर थांबली असेल तर गोळ्यांत आणखी बदल करायला घाई नाही. आडवं बीपी मात्र दीडशेच्या आसपास आहे, आणि ते उतरवायचं तर उभं बीपी आणखी किती खाली जाईल हे प्रत्येक भेटीत दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहूनच ठरवावं लागेल.