उन्हाने रापलेला बाप आणि त्याचे मूल

गोदीत दिवसभर उन्हात ओझी वाहणाऱ्याचा चेहरा रापतो. सदऱ्याखालची पाठ मात्र मूळ रंगाचीच राहते. अठराव्या शतकातील युरोप-अमेरिकेच्या विद्वानांनी अशाच अनुभवावर साऱ्या मानवजातीच्या वर्णाची उपपत्ती रचली. उन्हाने बाप काळवंडतो, ते काळेपण थोडेसे मुलात उतरते, मूल पुन्हा उन्हात राबते आणि पिढ्यान्‌पिढ्या असे झाले म्हणजे रंग कायमचा होतो, असा तो हिशेब होता. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने तर १७६६ साली सुचविले की, सेनेगलचे काही लोक डेन्मार्कला नेऊन ठेवावे, त्यांची इतरांशी सोयरीक होऊ देऊ नये, आणि किती पिढ्यांत ते गोरे होतात ते पाहावे!

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या सॅम्युअल स्टॅनहोप स्मिथ यांनी १७८७ मध्ये याच मताचा निबंध प्रसिद्ध केला. काळा वर्ण म्हणजे सर्वांगभर पसरलेला वांग, असे ते मानीत. सर्व माणसे एकाच कुळातली, हे त्यांना दाखवावयाचे होते. परंतु त्यात मूळ माणूस गोरा धरला होता आणि काळा त्याची बिघडलेली आवृत्ती. पुरावा म्हणून ते सांगत की, मळ्यात राबणाऱ्या गुलामांपेक्षा घरकाम करणारे गुलाम रूपाने मालकांकडे झुकत चालले आहेत. गुलाम स्त्रियांना मालकांपासून मुले होत, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. तरी श्रेय मिळाले ते सावलीला, अन्नाला आणि वस्त्राला.

पुढे हेन्री मॉस नावाच्या काळ्या गृहस्थाच्या अंगावर पांढरे चट्टे उमटून पसरत गेले. १७९६ मध्ये फिलाडेल्फियात लोक पैसे देऊन त्याला पाहावयास येत. विद्वानांना वाटले, काळा माणूस मूळ रंगावर येत आहे. आज आपण त्याला कोड म्हणू. कोडात कातडीतील रंग तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. हवापाण्याने गोरेपण येण्याशी त्याचा संबंध नाही.

रापण्याची क्रिया वेगळी. उन्हातील अतिनील किरणांनी त्या पेशी अधिक रंगद्रव्य करतात. सावलीत काही आठवड्यांनी रंग पुन्हा उतरतो. हा फरक कातडीपुरताच असतो. मूल जन्मते ते आईबापांच्या बीजपेशींपासून, आणि कातडीवर उन्हाने केलेला बदल त्या बीजात लिहिला जात नाही. डच लोक १६५२ पासून दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये वसले. त्यांच्या वंशातली जी घराणी आपापसांतच सोयरीक करीत राहिली, त्यांची मुले आजही गोरीच जन्मतात.

मग उष्ण देशांत काळे लोक अधिक का? त्यांत उन्हाचा हात आहेच, पण तो निराळ्या वाटेने. प्रखर उन्हात गडद कातडी शरीरातील फोलेटसारखी द्रव्ये नाश होण्यापासून वाचविते. मंद उन्हात फिकट कातडी ड जीवनसत्त्व सहज बनविते. जन्मतःच सोयीचा रंग असलेल्यांची संतती हजारो वर्षांत अधिक टिकली. या कारणांपैकी कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अशी निवड सुचविली होती. तो मात्र त्याचे कारण उन्हात नव्हे, आफ्रिकेतील रोगांत शोधीत होता.